अनुभव धागा: नाव एकाचं, आलं दुसरंच. कार्यक्रमाच्या तिकिटावरचं नाव बदलताना काय काय झालं?

नोंदणी टेबल, पुणे
गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. ४२० जणांची नोंदणी होती आणि ती माझ्याकडे होती. शेवटच्या दहा दिवसांत ३७ जणांनी कळवलं की मला जमत नाही, माझ्याऐवजी अमुक येईल. त्यातली छत्तीस नावं नीट बदलली. सदतिसावं अजून मनात सलतं.

नागपूरच्या एका दादांचं तिकीट होतं. घरात अचानक ऑपरेशन ठरलं. त्यांनी मला फोन करून कोल्हापूरच्या एका वर्गमित्राचं नाव दिलं. मी यादी उघडली, जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं आणि तिकीट पुन्हा पाठवलं. इकडे वहिनींना हे माहीत नव्हतं. त्यांनी तेच जुनं तिकीट आपल्या भावाला पाठवलं, तोही आमच्याच शाळेचा. तो पावणेदहाला आला, तिकीट स्कॅन झालं, हिरवी खूण आली, आत गेला. सव्वादहाला कोल्हापूरचे दादा आले. पहाटेची एसटी पकडून आलेले. त्यांच्या तिकिटावर त्यांचंच नाव, आणि फोनवर लाल अक्षरांत ‘आधीच प्रवेश झाला आहे’. मागे रांग, आणि ते ओळखपत्र हातात धरून उभे. मी त्यांना स्वयंसेवकांच्या खुर्च्यांतली एक दिली, जेवणही झालं, पण दारात थांबवलं ते थांबवलंच.

यंदा पुन्हा मेळावा आहे. तुमचे अनुभव लिहा, आयोजक म्हणून किंवा पाहुणे म्हणून.

ठाण्याचा मिलिंद
यात तुमची चूक नसावी. क्यूआर कोडात नाव असतंच. तुम्ही नाव बदललंत म्हणजे कोडही बदलायला हवा होता. सॉफ्टवेअर बिघडलं असणार.

दारावरचा माणूस
मिलिंदराव, बहुतेक ठिकाणी तसं नसतं. मी अकरा वर्षं संमेलनं, परिषदा, नाट्यमहोत्सव यांच्या दारावर उभा आहे. कोडात सहसा फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. नाव यादीत असतं, त्या क्रमांकासमोर. यादीतलं नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून जुन्या माणसाच्या फोनमधलं तिकीट जिवंतच असतं. जो आधी पोचेल तो आत.

ताई, ही दोन वेगळी कामं आहेत. ‘कुलकरणी’चं ‘कुलकर्णी’ करायचं असेल किंवा लग्नानंतरचं आडनाव हवं असेल, तर नाव दुरुस्त करा, पुरे. माणूसच वेगळा येणार असेल तर नावाला हात लावू नका. जुनं तिकीट रद्द करा, त्याच खुर्चीवर नव्या क्रमांकाचं दुसरं काढा. मग जुनं कोणी दाखवलं तर दारावर ‘रद्द’ दिसतं आणि दोघांतला खरा कोण हे विचारावं लागत नाही. यादीत जुना क्रमांक, नवा क्रमांक, कोणी सांगितलं आणि कधी, एवढं एका ओळीत ठेवा.

बदल नेहमी देणाऱ्याकडून घ्या, घेणाऱ्याकडून नव्हे. नोंदणीत जो मोबाइल दिलाय त्यावरून संदेश आला पाहिजे. ‘त्यांनी मला तिकीट दिलंय’ असा फोन मला दर कार्यक्रमाला येतो. बहुतेक लोक खरंच बोलतात, पण मी एकदा त्यावर विसंबलो तेव्हा एकच तिकीट दोघांना विकलेलं निघालं.

आणखी एक. तळघरातल्या सभागृहात नेटवर्क नसतं. स्कॅन करणारे फोन सकाळी यादी उतरवून घेतात आणि पुढे त्याच यादीवर चालतात. नऊ वाजता घरी बसून केलेला बदल दहा वाजता दारावरच्या फोनला ठाऊक नसतो. नवं तिकीट ‘सापडत नाही’ म्हणून लाल, आणि रद्द केलेलं जुनं हिरवं! म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी सहाला बदल थांबवतो. त्यानंतरचे एका कागदावर लिहितो आणि तो कागद वेगळ्या टेबलावर ठेवतो. त्या लोकांना मुख्य रांगेत पाठवतच नाही.

सांगलीची लेक
माझा अनुभव पाहुण्यांच्या बाजूचा आहे. बाबांनी एका दोन दिवसांच्या संगीत संमेलनाची नोंदणी केली होती. त्याआधी तीन आठवडे ते गेले. आईनेच सांगितलं, तू जा, त्यांना आवडलं असतं. मी आयोजकांना लिहिलं, त्यांनी आपुलकीने उत्तर दिलं आणि तासाभरात माझ्या नावाचं तिकीट आलं.

पण त्यांनी फक्त नाव बदललं होतं. मोबाइल बाबांचाच राहिला. आदल्या रात्री साडेआठला आईच्या उशाशी ठेवलेल्या बाबांच्या फोनवर संदेश आला, ‘उद्या भेटूया, आम्ही आपली वाट पाहत आहोत.’ आई रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्या नावासमोर ‘मधुमेह, गोड नको’ असं लिहिलेलं. ती बाबांची नोंद होती.

आयोजकांना माझी विनंती आहे. नाव बदलताना त्या ओळीतलं बाकीचं सगळं कोरं करा आणि नव्या माणसाला पुन्हा विचारा. मोबाइल, जेवण, खोलीत सोबत कोण, सगळं.

नोंदणी टेबल, पुणे
ताई, वाचून हात थांबला. आमच्या छत्तीस ‘नीट’ बदलांतही मी मोबाइल तपासले नव्हते. ते आता एकेक करून पाहते.

पहाटे धावणारी
धावण्याच्या स्पर्धांमध्ये हे फार चालतं आणि मला ते थांबायला हवं आहे. मैत्रिणीचा पाय मुरगळला म्हणून तिचा बिब लावून मी एका अर्धमॅरेथॉनमध्ये धावले. अठराव्या किलोमीटरला चक्कर येऊन पडले. वैद्यकीय पथकाने बिबवरचा क्रमांक पाहिला, नोंदणीतला तातडीचा संपर्क काढला आणि मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन लावला, ‘तुमच्या पत्नी बेशुद्ध आहेत.’ ती त्याच्यासमोर चहा पीत होती. त्याला वाटलं कुणीतरी फसवतंय, त्याने फोन ठेवला. माझ्या घरी कळायला दोन तास गेले. मला एका औषधाची ॲलर्जी आहे. ती नोंद माझ्या अर्जात असते, तिच्या नाही.

मुंबई आणि बोस्टन दोन्ही मॅरेथॉनचे बिब दुसऱ्याला देता येत नाहीत. आधी मला तो पैसे वाया घालवणारा नियम वाटायचा. काही छोट्या स्पर्धा ठरलेल्या तारखेपर्यंत नाव बदलून देतात, तिथे नवा धावक स्वतःचा पूर्ण अर्ज भरतो. जिथे तशी सोय आहे तिथेच आता मी दुसऱ्याच्या जागी धावते.

निवृत्त काका, डोंबिवली
नाटकाचं तिकीट काढलं आणि जाणं झालं नाही तर पैसे परत मिळतात का? माझे दोनदा बुडाले.

दारावरचा माणूस
काका, इथे परताव्याचा विषय नाही, पण सांगतो. ते त्या त्या तिकीट खिडकीच्या अटींवर असतं. मात्र नाटकाच्या तिकिटावर बहुतेक वेळा नावापेक्षा रांग आणि खुर्ची महत्त्वाची असते. शेजाऱ्याला द्या, तो आरामात बसेल. तुमच्या फोनमधलं तेच तिकीट मात्र आणखी कुणाला पाठवू नका.

वऱ्हाडप्रमुख
आमची कथा रेल्वेची आहे, पण पाहुण्यांचीच. भावाच्या लग्नाचं चाळीस जणांचं वऱ्हाड, एकत्र आरक्षण. निघायच्या तीन दिवस आधी सहा जण गळले आणि त्यांच्या जागी दुसरे सहा तयार. मी निर्धास्त होतो, कारण लग्नाच्या वऱ्हाडात कुणाचंही नाव कुणालाही बदलता येतं असं ऐकलं होतं.

ठाण्याचा मिलिंद
येतं की. चोवीस तास आधी अर्ज द्यायचा.

आरक्षण खिडकीवर नोकरी केलेली
चोवीस तास कुटुंबासाठी आहेत. म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. एवढ्यांच्याच नावावर, नात्याचा पुरावा दाखवून. आतेभाऊ, वहिनी, मित्र यात बसत नाहीत. वऱ्हाडाचं वेगळं: प्रमुखाने गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी लेखी अर्ज द्यायचा, मग नातं विचारत नाहीत. पण एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त नावं बदलून मिळत नाहीत. चाळीस जणांमागे चार. दोन्हीकडे तिकीट कन्फर्म लागतं आणि बदल एकदाच होतो. ऑनलाइन काढलेलं असलं तरी प्रिंट आणि ओळखपत्र घेऊन आरक्षण कार्यालयातच जावं लागतं.

वऱ्हाडप्रमुख
अगदी हेच झालं. चार नावं झाली. राहिलेल्या दोघांत एकाचा सख्खा भाऊ येणार होता, पण वऱ्हाडाच्या तिकिटावर कुटुंबाचा नियम लावावा की नाही यावर खिडकीपाशी बोलणं अडलं. मग दोघांची तिकिटं रद्द केली आणि ते रात्रीच्या बसने आले. एकाच तिकिटावर दोन्ही नियम चालतात का?

आरक्षण खिडकीवर नोकरी केलेली
माझ्यासमोर तसा अर्ज कधी आला नाही, त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगणार. मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना अर्ज देण्याआधीच विचारलेलं बरं.

मंडळाची खजिनदार, म्युनिक
आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात अडचण वेगळीच आहे. जागा २८० आणि प्रतीक्षायादीत साठेक कुटुंबं. ज्यांना जमत नाही ते तिकीट मित्राला देतात. मग प्रतीक्षायादीत महिनाभर पहिल्या क्रमांकावर असलेलं, नुकतंच भारतातून आलेलं कुटुंब बाहेरच राहतं, कारण त्यांची इथे कुणाशी ओळख नाही. गेल्या वर्षी मी नियम केला: कार्यक्रमाला चौदा दिवस असेपर्यंत तिकीट मंडळाकडे परत, पूर्ण पैसे परत, जागा प्रतीक्षायादीला. त्यानंतर हवं त्याला द्या. लोक चिडले. म्हणाले, पैसे आम्ही भरले, ठरवणार आम्ही.

पहाटे धावणारी
मला तुमचा नियम पटतो.

सांगलीची लेक
मला अर्धाच. या नियमात मला बाबांच्या जागी जाता आलं नसतं.

मंडळाची खजिनदार, म्युनिक
हो, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरातल्या घरात बदल नेहमी खुला ठेवायला हवा. पण मग ‘घरातलं’ कोण, हे मी कसं तपासू? रेल्वेसारखी नात्यांची कागदपत्रं मागायची मला इच्छा नाही.

नोंदणी टेबल, पुणे
आमच्याकडे प्रतीक्षायादी नव्हती, यंदा लागेल असं दिसतंय. मी आज तीन गोष्टी केल्या. बदलाचा वेगळा अर्ज बनवला, त्यात नव्या माणसाने सगळी माहिती स्वतः भरायची. जुन्या मोबाइलवरून होकार आल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही. आणि शनिवारी सहानंतरच्या नावांसाठी दाराच्या डाव्या बाजूचं टेबल मागून घेतलंय. कोल्हापूरच्या दादांना फोन केला होता. यंदाही येतायत, आणि या वेळी त्यांनी नोंदणी स्वतःच्या नावाने केली आहे.

म्युनिकच्या ताईंच्या प्रश्नावर कुणी काही करून पाहिलं असेल तर जरूर लिहा. मला मार्ग सुचलेला नाही.