अनुभव धागा : शेजारी, घरमालक, दुकानदार आणि 'तो कुठला भाग?'

पागोळी : कौटुंबिक विनोदी मालिकांतली शेजारीण किंवा वाणी वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहतो, पण तो नेमका कुठल्या भागात होता ते काही केल्या आठवत नाही. छोट्या पात्रावरून भाग कसा शोधता? एखादं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवलंत तर फार बरं.

जुना अँटेना : 'आय लव्ह ल्युसी' घेऊ. ल्युसी आणि रिकी हे भाडेकरू, फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे घरमालक. हे दोघे जवळजवळ प्रत्येक भागात आहेत, म्हणून त्यांच्यावरून काहीच हाती लागत नाही. इमारतीतली म्हातारी शेजारीण मिसेस ट्रम्बुल मात्र उपयोगी पडते.

समजा एवढंच आठवतंय : 'बाळ रडतं म्हणून म्हातारी तक्रार घेऊन येते.' बहुतेक जण अभिनेत्रीचं नाव काढतात, एलिझाबेथ पॅटरसन, आणि तिच्या यादीतला पहिला भाग उघडतात. तिथेच चुकतं. पहिला भाग १९५२चा, ल्युसीच्या लग्नाच्या परवान्याचा. त्यात त्या गावाकडच्या विलोबींची बायको आहेत, ट्रम्बुल नाहीत. त्या मालिकेत एकच कलाकार दुसऱ्या भूमिकेत परत येई. विलोबी झालेले आयर्व्हिंग बेकन १९५५मध्ये चक्क एथेलचे वडील झाले! म्हणून शोध पात्राच्या नावानं घ्यायचा, आणि मग तक्रार कशाची होती ते पाहायचं. भाडेकराराप्रमाणे इमारतीत मुलं चालत नाहीत, हे कारण असेल तर भाग एप्रिल १९५३चा, 'नो चिल्ड्रन अलाउड'. खात्री करायची तर एथेलकडे बघा. ती मैत्रिणीची बाजू घेते, मग तेच औदार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवते की दोघींचं फाटतं. ट्रम्बुलबाई बाळाला मायेनं सांभाळताना दिसल्या, तर भाग याच्या आधीचा नाही.

चाळकरी : सोपं उदाहरण देतो. 'ये जो है जिंदगी'मधले शेजारी सतीश शाह. त्यांचं नाव घातलं की भाग सापडतो.

जुना अँटेना : नाव बरोबर, पण ते कायमचे शेजारी नव्हते. १९८४च्या त्या मालिकेत शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी हे घरचे. सतीश शाह दर भागात नव्या माणसाच्या रूपात यायचे. म्हणजे नावानं शोधलंत तर सगळे भाग पुढ्यात येतील. त्यांचा धंदा, वेश, बोलण्याची ढब यातलं जे आठवतं ते आधी लिहून काढा. त्या मालिकेत भागाची खूण तीच.

चाळकरी : हे लक्षात आलं नव्हतं. आता धंद्यावरून शोधतो.

मोगरा_७ : पालुपदांबद्दल विचारताय ना? मग 'हम पांच'मधली शेजारीण पूजा, 'आंटी मत कहो ना'! अशोक सराफांच्या घरातली ती ये-जा मला अजून आवडते. फोटोतून बोलणारी पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, तीही.

पागोळी : पालुपदांबद्दल नव्हतं, पण मुद्दा कामाचा आहे. पालुपद सतत येतं, म्हणून त्यावरून मालिका कळते, भाग नाही. ती त्या दिवशी घरात कशासाठी आली होती, ते आठवायला हवं.

खटपट्या : मला 'तारक मेहता'मधल्या अब्दुलच्या दुकानावरचा एक प्रसंग हवाय. सोडा पिता पिता सगळे पुरुष काहीतरी ठरवतात. कसा शोधू?

जुना अँटेना : एवढ्यावरून अवघड आहे. २००८पासून चाललेली मालिका, भाग ४०००च्या पुढे, आणि सोड्यावरची बैठक हे तिथलं नेहमीचंच. शिवाय एकच गोष्ट अनेक भाग चालते, त्यामुळे एक भाग नव्हे, आख्खी गोष्ट शोधायची. काय ठरलं होतं, भिडे मास्तर हजर होते का, आणि दयाबेन त्या काळात घरात होत्या का, एवढं सांगा. दयाबेन दिसल्या तर २०१७नंतरचा बराच मोठा ढीग बाजूला पडतो.

खटपट्या : दयाबेन होत्या, हे नक्की. काय ठरलं ते आठवत नाहीये.

खिडकीवाली : ल्युसीबद्दल एक भर. पात्रं आठवत नसतील तर घर बघा. मे १९५३मध्ये बाळासाठी खोली हवी म्हणून ल्युसी त्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांशी जागा बदलते. नव्या दिवाणखान्यात मागच्या भिंतीला खिडकी आहे. ट्रम्बुलबाई आणि खिडकी एकाच दृश्यात असतील तर भाग त्या बदलानंतरचा. दाराच्या क्रमांकावर मात्र विसंबू नका, 3B आणि 3D दोन्ही आढळतात. तो आकडा कुठल्या भागात बदलला, कुणी ओळीनं तपासलंय का?