टेरेसची शेड : हायकोर्टाची ऑर्डर

जोशी ए-३०४: सेक्रेटरीसाहेब, ऑर्डर हातात येऊन तीन दिवस झाले म्हणे. ग्रुपवर टाकायला मुहूर्त लागतो का?

सेक्रेटरी: पीडीएफ टाकली आहे. आपण जिंकलो 🎉 परिच्छेद ७ वाचा : सोसायटीच्या उत्तराचा विचार झालेला सकृतदर्शनी दिसत नाही.

गोरे काका: वा! झापलं पालिकेला.

नीता बी-६०१: काका, ७ मध्ये कारण आहे. हुकूम ९ मध्ये, अ ते ई. शेड पाडायचा पालिकेचा आदेश रद्द झालाय, त्याआधीची कलम ३५१ची नोटीस रद्द झालेली नाही. त्याच अधिकाऱ्याने आपलं ऐकून सहा आठवड्यांत कारणांसह नवा निर्णय द्यायचा. तोवर तोडकाम नाही. निर्णय विरोधात गेला तर तो कळवल्यावर आणखी दोन आठवडे नाही.

गोरे काका: पण ७ मध्ये स्पष्ट लिहिलंय ना?

जोशी ए-३०४: आणि ३ मध्ये शेड २००९ची, पावसाळी गळतीसाठी, नियमात बसणारी असं आहे. कोर्टानेच म्हटलंय!

नीता बी-६०१: त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा : 'याचिकाकर्त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की'. आपलंच म्हणणं आहे ते. ४ मध्ये पालिकेचं आहे. कोर्टाने दोन्ही नोंदवली, मान्य एकही केलेलं नाही. ९(ई) मध्ये दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे खुले ठेवलेत.

कुलकर्णी काकू: मग शेड राहणार की जाणार? माझे पापड आहेत वर.

पिंट्या सी-१०२: काकू, पापडांना स्टे आहे 😂

गोरे काका: परिच्छेद ७ पुन्हा टाकतो, लोक न वाचताच बोलतात.

देसाई ए-१०१: जिंकलो तर वकिलांची फी परत मिळेल का? आम्ही तळमजल्यावाले, टेरेस वापरतच नाही.

सेक्रेटरी: देसाई, तो विषय एजीएमला. आपली मेंटेनन्सची थकबाकीही तेव्हाच घेऊ 🙏

नीता बी-६०१: ९(ब) कोणी बघितलं का? कागदपत्रं 'आजपासून दोन आठवड्यांत' द्यायची आहेत. आजपासून म्हणजे पहिल्या पानावरची तारीख, ४. वेबसाइटवर ऑर्डर ११ला चढली, तो दिवस धरायचा नाही. मुदत १८ला संपते, आज १४ आहे. चुकली तर अधिकारी हातात असेल त्यावर निर्णय देईल आणि ७वा परिच्छेद तेव्हा कामाला येणार नाही.

जोशी ए-३०४: म्हणजे तीन दिवस फुकट घालवले. वा!

सेक्रेटरी: जोशी, टोमणे नकोत. काय काय लागेल?

नीता बी-६०१: २००९च्या सभेचं इतिवृत्त, फॅब्रिकेटरचं बिल, जुने फोटो. आणि पालिकेची परवानगी घेतली असेल तर तीच सगळ्यात आधी. सगळं कव्हरिंग लेटरसोबत आवकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

सेक्रेटरी: परवानगीचं बघावं लागेल. तेव्हा गोरे काका चेअरमन होते.

गोरे काका: फाइल ऑफिसच्या कपाटात होती. किल्ली देसाईंकडे.

देसाई ए-१०१: आधी फीचं बोला.