समोरचा 'काही नाही झालं, जा' म्हणाला, तरी पोलिसांत जायचं का?

इंदिरानगरची सून: काल संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळ भावाच्या कारचा धक्का एका स्कूटरवाल्या पोराला लागला. पोरगा पडला, उठला, पँट झटकली आणि "काही नाही झालं काका, जा तुम्ही" म्हणाला. भावाने फोन नंबर मागितला तर तोही दिला नाही. आता घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात पोलिसांत सांगून ये, भाऊ म्हणतो नसतं झेंगट कशाला. तुमचं मत?

कॉलेज रोडकर: भावाचं बरोबर आहे. पोराने स्वतः जा म्हटलं, विषय संपला. पोलीस ठाण्यात आपणहून गेलात की गाडी जमा, मग आरटीओची तपासणी, मग गाडी सोडवायला सुपुर्दनामा आणि कोर्टाच्या चकरा. फार तर त्याला शोधून हजार-दोन हजार द्या आणि 'आमचं आपसात मिटलं' असं लिहून घ्या. सगळे हेच करतात.

दाव्यांच्या फायली: सगळे हेच करतात, म्हणूनच माझ्या टेबलावर फायली येतात. अपघात दाव्यांचं काम करते, त्यामुळे पुढे साधारण काय होतं ते सांगते.

पडल्यावर दहा मिनिटं काहीच दुखत नाही. रात्री मनगट सुजतं, घरचे दवाखान्यात नेतात, एक्स-रेत फ्रॅक्चर निघतं. रस्ता अपघात म्हटल्यावर रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येणारी केस म्हणून नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. जबाब पोराचे वडील देतात. ते जागेवर नव्हते. ते सांगतात, "कारवाला ठोकून निघून गेला." चौकातल्या कॅमेऱ्यात एमएच १५ चा नंबर सापडतो. मग गुन्ह्यात बेदरकारपणे गाडी चालवणे, दुखापत आणि त्याच्या शेपटाला मोटार वाहन कायद्याचं १३४/१८७ लागतं. हे शेपूट म्हणजे अपघातानंतरची कर्तव्यं पाळली नाहीत. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरगा जा म्हणाला होता याचा पुरावा भावाकडे काय?

१३४ सरळ आहे. जखमीला उपचार मिळतील असं बघा. जागेवर पोलीस नसेल तर शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवा. आणि विमा कंपनीला लेखी कळवा. 'समोरच्याने जा म्हटलं तर माफ' असं त्यात कुठेही नाही.

कॉलेज रोडकर: पण लिहून घेतलं तर? दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

दाव्यांच्या फायली: तो कागद दोन्हीकडून तोकडा पडतो. बेदरकारपणे गाडी चालवण्याचा गुन्हा आपसातल्या तडजोडीने मिटण्यातला नाही. दुसरं, गाडीची पॉलिसी काढून अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचे किंवा कबूल करायचे नाहीत, असं त्यात असतं. हजार रुपये देऊन सही घ्यायची आणि उद्या मोठा दावा आला की त्याच कंपनीच्या दारात जायचं! कंपनी पहिलं बोट त्याच कागदावर ठेवते. जखमीचा हक्क त्याने सहसा बुडत नाही, पण कंपनी आणि तुमच्यात भांडण मात्र लागतं.

बारा टायर: मी ओझर-मुंबई ट्रक चालवतो. तुम्ही कारवाले एसीत बसून बोलता. थांबलो तर पब्लिक मारते, निघून गेलो तर दहा वर्षं कैद आणि सात लाख दंड. म्हणून तर जानेवारी २०२४ ला मनमाडच्या पानेवाडीला संपात टँकर उभे राहिले होते. थांबा म्हणणाऱ्याने आधी रात्री दोनला आडगावच्या पुढे ट्रकमधून उतरून दाखवावं.

दाव्यांच्या फायली: दादा, दोन गोष्टी. ती दहा वर्षं न्याय संहितेच्या १०६(२) मधली, आणि तीही फक्त मृत्यू झाला असेल आणि चालक न कळवता पळून गेला असेल तेव्हाची. सात लाखांचा आकडा कलमात नाहीच. बाकीचा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, पण हे पोटकलम २३ फेब्रुवारीच्या अधिसूचनेतच वगळलं होतं. आणि जमावाचा मार १३४ लाही माहीत आहे. जमाव चवताळला असेल तर जखमीला उचलायची सक्ती नाही. पण तिथून निघून सरळ ठाणं गाठायचं आणि का थांबलो नाही तेही सांगायचं. धाब्यावर जाऊन ट्रक धुतला की ती सवलत संपली.

बारा टायर: कागदावर ठीक आहे. ठाण्यात गेल्यावर ट्रक किती दिवस उभा राहतो आणि मालक कुणाचा पगार कापतो ते पण लिहा.

दाव्यांच्या फायली: त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तपासणीचे सोपस्कार झाल्यावर २४ तासांत गाडी परत द्यावी असं कलम १३६ म्हणतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही रोज बघता.

सातपूर एमआयडीसी: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. कंपनीच्या गेटबाहेर लावलेली माझी कार गेल्या महिन्यात कुणीतरी ठोकून पळाला. दार आणि आरसा गेला. हिट अँड रनचे दोन लाख सरकार देतं ना, अर्ज कुठे करायचा?

दाव्यांच्या फायली: ते पैसे माणसासाठी आहेत, दारासाठी नाहीत. धडकणारी गाडी शोधूनही सापडली नाही तरच, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, १ एप्रिल २०२२ पासून. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे जातो. तुम्ही स्वतःच्या पॉलिसीत नुकसानीचा दावा टाका, आजच. महिना आधीच गेलाय. उशीर का झाला ते खरं लिहा.

द्वारका सर्कल: फायलीवाल्या ताई, एक अडचण. १३४ मध्ये फक्त जखमी नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही आहे. म्हणजे संध्याकाळी सातला द्वारकेला रिक्षाने माझ्या बंपरला खरचटलं तरी दोघांनी भद्रकाली ठाण्यात जायचं? मग रोज रात्री तिथे जत्रा भरेल.

दाव्यांच्या फायली: शब्दशः वाचलं तर हो. खरचटल्यासाठी मीही जाणार नाही. नाव-पत्ता मागितला तर द्यायचा, त्याचाही घ्यायचा, दोन्ही गाड्यांचे फोटो काढायचे, तेवढं मी करते. माझी रेघ माणूस पडला की नाही इथे आहे.

कॉलेज रोडकर: म्हणजे तुम्हीही सोयीने कायदा पाळता!

दाव्यांच्या फायली: हो. बंपर रात्री सुजत नाही.

इंदिरानगरची सून: भाऊ हे सगळं वाचतोय आणि गप्प आहे. ठाण्यात जाऊन नक्की बोलायचं काय?

दाव्यांच्या फायली: तोंडी सांगून परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज दोन प्रतींत लिहा. तारीख, वेळ, जागा, कोणत्या बाजूने येत होता, गाडीचा नंबर, लायसन्सचा नंबर. मुलगा पडला, उठला, दवाखान्यात चल म्हटलं का, त्याने काय उत्तर दिलं, नंबर मागितला तो दिला नाही, एवढंच. चूक कुणाची याचं मत नको. स्कूटरचा नंबर आठवत असेल तर टाका. आपल्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या, स्टेशन डायरीत नोंद झाली का विचारा. हाच मजकूर पॉलिसी नंबरासह विमा कंपनीला ईमेल करा. धक्का काल किती वाजता लागला?

इंदिरानगरची सून: साडेसहाला.

दाव्यांच्या फायली: आत्ता पावणेचार झालेत.

कॉलेज रोडकर: माझं मत तेच. पोरगा ठणठणीत असेल तर उगाच नाव रजिस्टरला चढवून घेताय.

इंदिरानगरची सून: बाबा लायसन्सची झेरॉक्स शोधतायत. भाऊ अजून 'उद्या बघू' म्हणतोय.