शब्दचर्चा : ‘जलधारण क्षमता’ आणि ‘उपलब्ध पाणी’ एकच का?

ढेकूळ : एका अहवालाचं भाषांतर करतोय. वाळू, चिकण आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या टक्केवारीवरून पेडोट्रान्सफर समीकरणांनी थरागणिक पाणी काढलंय. त्या आकड्याला मी ‘जलधारण क्षमता’ लिहिलं, तर संपादकांनी खोडलं. का?

निवांत : बरोबर खोडलं. माती धरते ते सगळं मुळांना मिळत नाही. सॅक्स्टन-रॉल्सच्या २००६ च्या समीकरणांत घालून बघा. वरचा ३० सेंमी पोयटा : वाळू ४०, चिकण २०, सेंद्रिय पदार्थ २.५ टक्के. ३३ किलोपास्कलला, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर, आकारमानाने २८ टक्के पाणी; १५०० ला, म्हणजे पीक सुकून जातं तिथे, १३.७. खालचा ३० सेंमी चिकण थर : वाळू २५, चिकण ५०, सेंद्रिय १. तिथे ४२.३ आणि २९.७. म्हणजे खालचा थर धरतो १२७ मिमी, वरचा ८४. पण पिकाला मिळतो तो या दोन आकड्यांतला फरकच : वरून ४३, खालून ३८. जास्त धरणारा थर कमी देतो! ‘धारण’ म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं.

बांधावरचा : ३३ किलोपास्कल म्हणजे आपला वाफसाच की. मग ‘वाफशाचं पाणी’ म्हणा, सोपं.

निवांत : वाफसा म्हणजे मशागतीला बसणारी ओल. ती जवळपास असेल, पण तोच आकडा असेल असं नाही.

चाळणी : माझा घोळ वेगळाच झाला होता. प्रयोगशाळेच्या कागदावर सेंद्रिय कर्ब १.४५ होता, तो मी थेट सेंद्रिय पदार्थाच्या रकान्यात टाकला. १.७२४ ने गुणायचं राहिलं.

निवांत : या पोयट्यात त्याने दीडेक मिमीच घटलं असतं, म्हणून चूक डोळ्यांत येत नाही. वाळू-चिकण मात्र अपूर्णांकात आणि सेंद्रिय टक्क्यांत घालायचं असतं. वाळू-चिकण टक्क्यांत घातलीत तर आकडा लगेच वेडावाकडा येतो.

बांधावरचा : दोन थर वेगळे कशाला? सरासरी पोत घ्या, एकदाच काढा.

निवांत : काढून पाहिलं, ८१ मिमी. बेरीजही ८१च. इथे जुळलं, दरवेळी जुळेलच असं नाही. खरी अडचण पुढे आहे. समीकरण प्रत्येक थर सुटा समजतं. प्रत्यक्षात चिकण थरावर पाणी अडतं आणि पोयटा ३३ किलोपास्कलपर्यंत निथळायला कितीतरी वेळ घेतो. तेवढा काळ मुळांना ४३ पेक्षा जास्त मिळतं, पण हवा कमी पडते.

ढेकूळ : मग ‘उपलब्ध जलक्षमता’ लिहू?

चाळणी : ‘क्षमता’ तरी कशाला? ‘उपलब्ध पाणी’ पुरे.

निवांत : नाही, ‘उपलब्ध पाणी’ म्हणजे आज मातीत आहे तेवढं, असंही वाचलं जाईल. हा तर भरल्या भांड्याचा अंदाज आहे. मी ‘उपलब्ध जलक्षमता’च ठेवीन, आणि प्रत्येक ठिकाणी किती खोलीपर्यंत ते लिहीन.

चाळणी : ‘जलक्षमता’ ऐकून मला धरण आठवतं, बाकी काही नाही.