फायनल इयर प्रोजेक्ट: स्टोरी पॉइंट टाकायचे की सरळ तास लिहायचे?

येळ्ळूरकर
आम्ही पाच जण, बेळगावात व्हीटीयूचं फायनल इयर. प्रोजेक्ट म्हणजे गावच्या डेअरीसाठी दूध संकलनाचं ॲप. गाईड सरांनी सांगितलंय की स्क्रम करा, म्हणजे ॲपचं काम छोट्या छोट्या स्टोऱ्यांत वाटा, प्रत्येक स्टोरी केवढी त्याचा आकडा म्हणजे स्टोरी पॉइंट टाका, आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे कामाचा टप्पा ठेवा. काल पहिल्यांदा प्लॅनिंग पोकरला, म्हणजे प्रत्येकानं आकड्याचा पत्ता टाकून पॉइंट ठरवायला बसलो, खरं सगळ्यांचे पत्ते 3 नाहीतर 5 असेच यालेत, स्टोरी काहीही असूदे. एक पॉइंट म्हणजे किती तास धरायचे? की पॉइंट सोडून तासच लिहावेत?

निपाणी_बॉइज
सोपं आहे भावा, एक पॉइंट म्हणजे अर्धा दिवस. आमच्या सीनियरनी असंच केलेलं आणि रिव्ह्यूला कुणी काही विचारलं नाही. पत्ते वेगळे आले तर सरळ ॲव्हरेज काढा आणि पुढं चला, नाहीतर एका स्टोरीवर रात्र जाईल.

नंदगडची
मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, नवीन टीमबरोबर हे बरेचदा केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

येळ्ळूरकर, सगळ्यांचे पत्ते सारखे येणं ही चांगली खूण नाही. बहुतेक तुमच्यात एक जण आधी बोलतोय, "हे काय, सोपंय" किंवा "तीनच धरूया", आणि मग बाकीच्यांच्या डोक्यात तोच आकडा बसतोय. एकदा आकडा कानावर पडला की माणूस त्याच्या आसपासच राहतो. पोकर काढलं तेच यासाठी, जेम्स ग्रेनिंगनं 2002 मध्ये, कारण बैठकीत एकदोघंच बोलत राहायचे आणि बाकीचे नुसते बसून असायचे. म्हणून क्रम पाळा: एकानं स्टोरी वाचायची, शंका विचारायच्या पण आकडा कुणी काढायचा नाही, मग प्रत्येकानं पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. पत्ते नसतील तर वहीच्या कागदावर लिहा. उलटल्यावर सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात लहान आकडा ज्यांचा आहे त्या दोघांनीच बोलायचं, मधल्यांनी ऐकायचं, आणि परत एकदा पत्ते टाकायचे.

निपाणीवाल्या दादांचं अर्धं बरोबर आहे. पॉइंट सुरुवातीला दिवसांवरूनच आले, एक्सपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग पद्धतीनं काम करणारी मंडळी "काही अडथळा न येता लागणारे दिवस" मोजायची. पण तास धरले की लगेच प्रश्न येतो, कुणाचे तास? तुमच्यातल्या ज्या पोराला फ्लटर येतंय तो लॉगिन स्क्रीन एका संध्याकाळी करेल, ज्याला येत नाही त्याला आठवडा लागेल. त्या दोघांचं तासांवर एकमत होणार नाही, पण "बिलाची स्टोरी लॉगिनपेक्षा साधारण दुप्पट आहे" यावर होऊ शकतं. पॉइंट म्हणजे तेवढंच, एका कामाशी दुसऱ्याची तुलना. त्यासाठी आधी एक स्टोरी ठरवा जी पाचही जणांना नीट कळलीय, तिला 3 द्या आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघा. ही खुंटी नसेल तर 3 काय आणि 5 काय, नुसते आकडे.

आणि ॲव्हरेज नका काढू. 2 आणि 13 चं ॲव्हरेज काढलं की जे कळायचं होतं तेच पुसून जातं.

चिकोडी_सीएस
पॉइंटवर मार्क दिले तर बरं होईल असं मला वाटतंय. आमच्या ग्रुपमध्ये दोघंच कराल्यात आणि मार्क चौघांना सारखे. ज्यानं 20 पॉइंट केले त्याला जास्त मार्क, असं सरांना सांगायचं काय?

नंदगडची
चिकोडी, ते नका करू. मार्क लावलेत की दुसऱ्याच दिवशी 3 ची स्टोरी 8 ची होते, आणि अवघड स्टोरीत दुसऱ्याला मदत करायला कुणी येत नाही कारण पॉइंट ज्याच्या नावावर त्याचेच. पॉइंट पूर्ण टीमचे असतात. कोण करतंय आणि कोण नाही हे दाखवायचं असेल तर गिटचा इतिहास, म्हणजे कुणी कुठला कोड कधी टाकला त्याची नोंद, सरांसमोर उघडा. तुमची तक्रार खरी आहे, पण हे त्यावरचं औषध नाही.

चिकोडी_सीएस
गिटमध्ये पण सगळं एकाच्याच लॅपटॉपवरून जातंय की ताई. बाकीचे पेनड्राईव्हनं कोड देतात.

खानापूर_लोकल
मग पहिल्यांदा ते बंद करा, पॉइंटचं मागनं बघू.

बाकी मी नंदगडच्या ताईंच्या उलट बोलणार. विद्यार्थ्यांनी पॉइंटच्या भानगडीत पडूच नये. एक तर स्क्रम गाईडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, म्हणजे स्क्रम करायचं म्हणून पॉइंट टाका हे सरांचं म्हणणं तिथंच संपलं. रॉन जेफ्रीज, ज्यांच्या टीमकडनं पॉइंट आले असं मानतात, त्यांनी स्वतः लिहिलंय की ते आपणच काढले असतील तर आता त्याचा खेद वाटतो. दुसरं, पॉइंट कामाला येतात ते व्हेलॉसिटीसाठी, म्हणजे मागच्या स्प्रिंटला किती झाले त्यावरनं पुढचे धरायचे. खरं त्यासाठी स्प्रिंट एकासारखा एक पाहिजे. तुमच्या एका सेममध्ये स्प्रिंट होणार पाच-सहा, त्यात एकात इंटर्नल, एकात लॅब एक्झाम, एकात गणपती. आकडा स्थिर व्हायच्या आत प्रोजेक्ट सबमिट होतंय.

मी सांगतो ते करा: प्रत्येक स्टोरी इतकी बारीक कापा की एका माणसाला दोन-तीन दिवसांत संपेल. मोठी वाटली की कापा. मग नुसत्या स्टोऱ्या मोजा. मागच्या स्प्रिंटला सहा झाल्या, या वेळी सहा घ्या. पत्ते नकोत, पत्त्यांवरची 2, 3, 5, 8, 13 ही फिबोनाची नको.

नंदगडची
कापायचं हे शंभर टक्के मान्य. पण खानापूर, स्टोरी मोठी आहे हे नवीन पोरांना कळणार कसं? मला तरी पत्त्यांइतकं स्वस्त साधन दिसलेलं नाही.

येळ्ळूरकर
ताई, काल रात्री तुम्ही सांगितल्यासारखं केलं, वहीच्या कागदावर, पालथं ठेवून. खुंटी म्हणून "सभासद नंबर टाकून लॉगिन" घेतली, तिला 3. मग "दहा दिवसांचं बिल काढणे" ही स्टोरी वाचली. कागद उलटले तर 2, 3, 3, 5 आणि 13!

2 वाला म्हणाला, लिटर गुणिले दर, बेरीज, झालं. 13 वाल्याचे काका संकलन केंद्र चालवतात. त्यानं जे सांगितलं ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. गाईचा आणि म्हशीचा दरपत्रक वेगळा, दर फॅट आणि एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, दोन्ही बघून काढतात, आणि मेन म्हणजे दहा दिवसांच्या मध्येच नवीन दरपत्रक येऊ शकतं, मग पहिले चार दिवस जुना दर आणि पुढचे सहा दिवस नवा. वर शेतकऱ्यानं पेंड उचलली असेल तर ती बिलातनं कापायची, आणि बिलापेक्षा उचल जास्त झाली तर बाकी पुढच्या बिलात ओढायची.

परत पत्ते टाकले तर चौघांचे 13 आणि एकाचा 8. मग तिथंच कापली. फॅट-एसएनएफवरनं दर काढणे 3, तारखेप्रमाणे दरपत्रक बदलणे 5, उचल कापणे आणि बाकी ओढणे 5. चौथी राहिली, बिल कन्नड आणि मराठी दोन्हीत छापणे. त्यावर तिघांनी प्रश्नचिन्ह लिहिलं.

नंदगडची
प्रश्नचिन्ह हे खरं उत्तर आहे, त्याला जबरदस्तीनं आकडा देऊ नका. एका संध्याकाळची हद्द घाला आणि एकानं फक्त एवढंच करून बघायचं: तुमच्या पीडीएफ लायब्ररीतून "क्षीरसागर" आणि कन्नडमधलं एखादं जोडाक्षराचं नाव छापायचं. कितीतरी लायब्रऱ्या जोडाक्षरं फोडतात, वेलांटी भलतीकडे टाकतात, फॉन्ट बरोबर असला तरी. नीट छापलं तर ती स्टोरी 2 ची, फोडलं तर दुसरी वाट शोधावी लागेल आणि 8 ची पण होईल. ते कळल्यावर पत्ते टाका.

खानापूर_लोकल
हे बघा, येळ्ळूरकरनं काय केलं? स्टोरी कापली. उपयोग झाला तो 13 वाल्याच्या बोलण्याचा. ते 3, 5, 5 आकडे उद्या पुसून टाकले तर काय बिघडतंय?

नंदगडची
पहिल्या स्प्रिंटला फार काही बिघडत नाही, हे मी मान्य करते. पण दुसऱ्याला कामाला येतात. समजा पोरांनी 21 चे पॉइंट उचलले, लॉगिन आणि बिलाचे दोन तुकडे मिळून 11 पूर्ण झाले, आणि बाकी दोन स्टोऱ्या "नव्वद टक्के झाल्यात". त्या नव्वद टक्क्यांचे शून्य धरायचे, म्हणजे पुढच्या वेळी 11 च्या आसपासच उचलायचं. नवीन टीम इथंच घसरते, अर्ध्या कामाचे अर्धे पॉइंट धरते आणि मग प्रत्येक स्प्रिंटला सगळं अर्धवट.

खानापूर_लोकल
आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये इंटर्नल असलं तर? 11 कुठनं होणार?

नंदगडची
मग कमी घ्यायचे. निम्मी संध्याकाळ अभ्यासात जाणार असेल तर पाच-सहा.

खानापूर_लोकल
म्हणजे शेवटी संध्याकाळीच मोजालात की तुम्ही! मी तेच म्हणतोय. विद्यार्थ्याकडं किती वेळ आहे हेच दर आठवड्याला बदलतंय, आणि तुम्ही न बदलणारी गोष्ट मोजाय लागलाय.

नंदगडची
काम किती आणि वेळ किती, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणूनच तर वेळ कमी झाल्यावर काम किती कापायचं ते कळतंय. पण तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पाच-सहा स्प्रिंटमध्ये आकडा कच्चाच राहतो.

निपाणी_बॉइज
खरं गाईडला एक्सेलमध्ये तासांचा कॉलम पाहिजेच असतोय, त्याचं काय करणार? रिकामा सोडला तर बोलून घ्यावं लागतंय.

नंदगडची
तास द्या की, फक्त पॉइंटला गुणून नका देऊ. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या स्टोरीचे बारीक टास्क पाडा, टेबल बनवणे, स्क्रीन, टेस्ट, आणि जो करणार आहे त्यानं स्वतःचे तास लिहायचे. दरपत्रकाच्या 5 वाल्या स्टोरीचे एकाचे 6 तास होतील आणि दुसऱ्याचे 15, दोन्ही बरोबर. तो कॉलम फक्त याच स्प्रिंटपुरता.

खानापूर_लोकल
येळ्ळूरकर, एक काम कर. पॉइंट पण लिही आणि झालेल्या स्टोऱ्यांचा नुसता आकडा पण शेजारी लिही. तीन स्प्रिंट झाले की दोन्हीतलं कुठलं पुढच्या स्प्रिंटशी जास्त जुळलं ते इथं येऊन टाक. मी वाट बघतोय.

येळ्ळूरकर
टाकतो दादा. अजून एक विचारायचं होतं. आमच्यातली एक जण या स्प्रिंटला काहीच करू शकणार नाही, तिच्या घरी लग्न आहे. तिला पोकरला बसवायचं की नको?

खानापूर_लोकल
नको. जो करणार नाही त्याचा आकडा कशाला.

नंदगडची
बसवा. तुमचा 13 वाला तरी बिलाचा कोड लिहिणार होता काय?

येळ्ळूरकर
नाही ताई, तो डेटाबेस बघतोय.