मदत हवी आहे: लाल मातीच्या पट्टीवर मॅच, आमची टीम काळ्या मातीत वाढलेली

तिसरी_स्लिप

नमस्कार मंडळी. आमची ऑफिसची टीम हिंजवडीकडच्या एका मैदानावर लेदर बॉलने खेळते. पट्टी अस्सल काळ्या मातीची. चेंडू थांबून येतो, गुडघ्याच्या वर क्वचित जातो. त्यामुळे आमच्याकडे दोन डावखुरे फिरकी गोलंदाज आणि एक ऑफस्पिनर आहे. मध्यमगतीवाले तिघे, पण ते षटकं भरायलाच.

आता सेमीफायनल पिरंगुटच्या बाजूला, नव्या मैदानावर आहे. 40 षटकांची, सकाळी साडेनऊला सुरू. तिथे "लाल मातीची विकेट" आहे, मधे थोडं गवतही ठेवलंय म्हणतात. आमचे कप्तान म्हणतात लाल माती म्हणजे उसळी, एक स्पिनर बसवा. मला पटत नाही. लाल, काळी आणि गवत यांनी वेगवान आणि फिरकीला नेमका काय फरक पडतो? टीम ठरवायला मदत हवी आहे.

वानखेडेवासी

कप्तान बरोबर आहेत. लाल माती म्हणजे पेस, काळी म्हणजे स्पिन, साधा हिशेब. वानखेडेवर चेंडू बॅटवर कसा येतो ते बघा आणि तुमच्या गहुंज्याला काय होतं ते बघा. 2024 मध्ये सँटनरने 13 बळी घेतले ते काय उगाच? गवत असेल तर स्विंगही मिळेल. तीन फास्ट, एक स्पिनर.

सहज_वाचक

लाल मातीची निगा फार असते हो. आमच्या तालमीत हळद, तेल, ताक घालून माती मळायचे, तेव्हा कुठे ती अंगाला लागत नसे. क्रिकेटवाले काय घालतात?

तिसरी_स्लिप

@सहज_वाचक दादा, पाणी आणि रोलर. ताक घातलं तर अंपायर घरी जातील :)

हरळी

मी कृषी पदवीधर, बरीच वर्षं एका क्लबच्या पट्ट्यांची देखभाल बघतो. वानखेडेवासी, तुमचा हिशेब अर्धाच आहे. एजाझ पटेलने 2021 मध्ये एका डावात दहाच्या दहा बळी घेतले ते वानखेडेलाच, लाल मातीत. आणि गहुंज्याच्या त्याच काळ्या मातीत 2019 ला आपण आफ्रिकेविरुद्ध 5 बाद 601 ठोकले, कोहली नाबाद 254, शिवाय उमेश यादवने सामन्यात 6 बळी घेतले. दोन वर्षं आधी, 2017 ला, तिथेच ओ'कीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6 बळी काढले होते आणि आपण 105 आणि 107 ला गडगडलो. मातीचा रंग तोच राहिला आणि खेळ पूर्ण बदलला. म्हणून नुसता रंग बघून टीम काढू नका.

फरक मुळात कुठून येतो ते सांगतो. आपली काळी माती बेसॉल्टची. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात, तसंच पट्टीत. पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरून वाळलेली दिसली तरी आत दमट असते. अशा पट्टीवर चेंडू टप्प्याला चिकटल्यासारखा होतो, उशिरा येतो, खाली राहतो. पुढे ती वाळते तेव्हा भेगांची मोठी ढेकळं तयार होतात. ढेकूळ जागचं हललं नाही तर चेंडू नीट येतो, कड निघाली की एक फिरतो आणि दुसरा सरळ घुसतो. गहुंज्यालाच 2024 मध्ये वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात 59 धावांत 7 घेतले, त्यातले पाच त्रिफळा. झेल कमी आणि यष्ट्या जास्त उडाल्या म्हणजे चेंडू वर येत नव्हता, हे त्या स्कोअरकार्डातच दिसतं.

लाल माती तेवढी फुगत नाही, पाणी पटकन सोडते. लवकर वाळून टणक होते म्हणून सुरुवातीला उसळी चांगली. पण पकड कमी, त्यामुळे वरचा थर भुसभुशीत होऊन पीठ सुटतं. तेव्हा फिरकीला वळणही मिळतं आणि उसळीही, म्हणजे स्लिप आणि शॉर्ट लेगला झेल.

वानखेडेवासी

ठीक, स्पिनचं मान्य. पण काळी म्हणजे स्लो हे तरी खरं ना?

हरळी

ब्रिस्बेनच्या गॅबाची मातीही काळपट, जड चिकणमातीच आहे. तिथे कोण स्लो म्हणेल? चिकणमाती भरपूर असेल, खोलवर नीट वाळवली असेल, दाबून बसवली असेल आणि गवताच्या मुळांनी धरली असेल तर तीच माती भन्नाट उसळी देते. आपल्याकडे बऱ्याचदा पाणी आधीच तोडतात, गवत तासून काढतात आणि वरचाच थर कोरडा ठेवतात. खाली ओलसर, वर कोरडं. मग ती पट्टी संथ होणारच.

गवताचं काम इथे कळतं. आपल्या पट्टीवर हरळी असते. ती फक्त वर दिसण्यापुरती नसते. मुळं खालचं पाणी ओढून काढतात, त्यामुळे पट्टी खोलवर सारखी वाळते, आणि ती माती धरूनही ठेवतात. हिरवं गवत असेल तर पृष्ठभागाखाली ओल आहे हे समजायचं. शिवण पडली की चेंडू थोडा इकडे-तिकडे सरकतो. याला स्विंग म्हणू नका, स्विंग हवेत होतो. हां, गवतावर चेंडू घासला जात नाही, चकाकी टिकते, म्हणून स्विंगही जास्त वेळ मिळतो. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. तेच गवत वाळून पिवळं झालं असेल तर शिवणीची मदत संपते, पण उसळी सारखी राहते. फलंदाजांसाठी सर्वांत सुखाची अवस्था हीच.

@तिसरी_स्लिप, एक सांगा. तिथे जुनी काळी पट्टी उकरून लाल भरली आहे, की काळ्यावर लाल पसरली आहे?

कट्टा_क्रिकेट

आमच्या सोसायटीत सिमेंटवर मॅट टाकली आहे, चेंडू डोक्यावरून जातो. ती कोणत्या प्रकारात येते? मुलांना लागतंय.

हरळी

कोणत्याच नाही. मॅटखाली काँक्रीट असेल तर उसळी काँक्रीटची. मुलांना टेनिस बॉल द्या.

तिसरी_स्लिप

@हरळी, आज ऑफिसनंतर जाऊन आलो. पॉपिंग क्रीजपाशी गोलंदाजांच्या पायाने खड्डा पडलाय. त्याच्या कडेला लाल थर जेमतेम दोन इंच, खाली सरळ काळी माती दिसते. मधे गवत पिवळट हिरवं, सलग नाही, चट्टे आहेत. बॅटच्या मुठीने हलकेच टोकलं तर काही ठिकाणी टणटण आवाज, काही ठिकाणी पोकळ. माळीमामांनी तेवढ्यावरही ओरडा केला.

हरळी

ओरडणारच, बरोबर केलं त्यांनी. पण तुमचं उत्तर त्या खड्ड्यातच आहे.

खालची काळी माती प्रत्येक पाण्यानंतर फुगते, आकसते. वरची लाल तेवढी हलत नाही. दोन्ही एकमेकींपासून सुटतात, मधे फट राहते. जिथे पोकळ आवाज आला तिथे ती फट आहे. पोळी फुगल्यावर वरचा पापुद्रा सुटतो, तसं समजा. चेंडू पडला की जोर त्या फटीत जिरतो, उसळी मरते. शिवाय मुळंही त्या सांध्यापाशी अडतात, म्हणून गवत चट्ट्याचट्ट्याने येतं. लाल माती टाकायची तर जुनी उकरून खालपासून एकच माती, थर देत, प्रत्येक थर दाबत भरायची असते. नुसती वर पसरली की रंग लाल आणि वागणूक भलतीच.

म्हणजे तुमच्या मॅचला वानखेडेसारखी उसळी मिळणार नाही. टणटण आवाजाच्या जागी चेंडू छातीपर्यंत येईल, पोकळ जागी घोट्यापाशी सरपटेल. अशा असमान पट्टीवर यष्ट्यांवर टाकणारा गोलंदाज सोन्यासारखा. मध्यमगतीवाल्यांना सांगा, आखूड टाकू नका, फलंदाजाला पुढे ओढा, स्टंपावर ठेवा. फिरकीवाल्यांनी हवेत तरंगवायच्या भानगडीत न पडता थोडा जोर लावून टाकावा. लाल माती पूर्ण खोलीची असती तर उलट सांगितलं असतं: हळू टाका, उंच सोडा, उसळीला काम करू द्या, स्लिप मागे उभी करा. इथे स्लिप पुढे आणि खाली वाकून.

वानखेडेवासी

मग नाणेफेक? सकाळी साडेनऊला दव असेल, मी तरी पहिली गोलंदाजी घेईन. पहिला तास चेंडू सरकेल.

हरळी

वरची लाल माती तासाभरात सुकेल, गवतही सलग नाही. मदत असली तर पहिली पाच-सहा षटकं. त्यानंतर असमान उसळी दोन्ही डावांत सारखीच, आणि खड्डे वाढत गेल्यावर दुसऱ्या डावात जास्त. मी पहिली फलंदाजी घेतली असती.

वानखेडेवासी

40 षटकांत पट्टी एवढी बदलत नाही हो. पाच दिवसांची कसोटी थोडीच आहे.

हरळी

नवीन पट्टी असती तर मान्य केलं असतं. इथे आधीच खड्डा आहे म्हणतात, म्हणजे वापरलेली आहे. आमचं यावर एकमत होणार नाही, कप्तानांना ठरवू द्या.

तिसरी_स्लिप

दोघांचंही पटतंय, तेच वाईट. तूर्तास तिन्ही फिरकी ठेवतोय. मध्यमगतीवाल्यांत जो सर्वांत वेगवान आहे तो बसेल, कारण तो आखूडच टाकतो. त्याची समजूत कोण काढणार हा वेगळा धागा होईल.

एक राहिलं. माळीमामा म्हणाले, मॅचच्या आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारतो. त्याने काही बिघडेल का?

हरळी

किती वाजता मारणार आणि नंतर रोलर कधी फिरवणार, ते विचारा. हलका शिडकावा करून, पाणी मुरल्यावर, माती हाताला चिकटणार नाही पण अंगठ्याने दबेल अशा अवस्थेत रोलर फिरला तर वरचं पीठ बसेल. चिखल असताना फिरवला तर लाल थर रोलरला चिकटून उचलला जाईल, काळी उघडी पडेल. आणि पाणी जास्त झालं तर ते खालच्या काळीपर्यंत जाईल, मग ती फुगून सकाळपर्यंत काही सुकणार नाही. तसं झालं तर नाणेफेकीबाबत मी वानखेडेवासींच्या बाजूने.

तिसरी_स्लिप

उद्या मामांना चहा पाजून विचारतो. बॅटची मूठ घरी ठेवून जाईन.