बाबांसाठी मेसेज : खरं आहे तेवढंच

> उद्या वडिलांचा वाढदिवस. आमचं बोलणं जेमतेम. ‘तुम्हीच माझे आदर्श’ लिहायला हात धजत नाही, आणि नुसतं ‘हॅपी बर्थडे’ फार कोरडं वाटतं. काय लिहू?

विशेषणं सगळी काढून टाका आणि खरोखर घडलेली एकच बारीकशी गोष्ट लिहा. मी गेल्या वर्षी दोन मसुदे खोडून शेवटी हे पाठवलं:

“बाबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. परवा सायकलची चेन उतरली. आधी मागच्या चक्रीवर बसव, मग पुढे, आणि पेडल हळू फिरव, हे तुम्ही शिकवलेलं आठवलं. गुडघा कसा आहे? काळजी घ्या.”

यात प्रेमाचा दावा नाही, पण चेन बसवायला त्यांनीच शिकवलं हे खरंच आहे ना! गुडघ्याचं विचारलं कारण मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. नसतं, तर तेही गाळलं असतं.

खोडलेल्या मसुद्यांपैकी एकात ‘आपलं फारसं पटत नसलं तरी’ असं होतं. त्या ‘तरी’मुळे शुभेच्छेची तक्रार होते, आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला भागच राहतो. ते बोलायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी बोला. दुसऱ्यात ‘लवकरच भेटू’ होतं. भेटायचं मनात नव्हतं, म्हणून तेही गेलं.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. फोनवर जे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही, ते काढा.

उत्तर दोन दिवसांनी आलं : “गुडघा बरा. चेनला तेल घाल.”